नवांतले पाच

ठमीच्या वडिलांना निजायची एक खोड होती. ते कधी हळूच आडवे होत नसत; ते अंग टाकत. उभी हयात घरोघर हिंडून विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलेला माणूस. घरी आला की चपला एका कोपऱ्यात, पिशवी दुसऱ्या, आणि स्वतः लाकडी पलंगावर धप्प! त्या पलंगावर जाड गादी त्यांना चालत नसे. "गादीने पाठ लाडावते," म्हणायचे. फळ्यांवर एक पातळ सतरंजी, संपलं. ठमीची आई म्हणायची, "एक दिवस पलंग तरी मोडेल नाहीतर तुम्ही तरी." आई आधी गेली. पलंग टिकला. निवृत्तीनंतर बाबांना दुसरं काम उरलं नाही, तेव्हा हे धप्प दुपारी एकदाच व्हायचं ते दिवसातून तीनदा होऊ लागलं.

माणसाच्या निजण्याचं एवढं पुराण लावायचं कारण, पुढे जो घोळ झाला तो या धप्पपासूनच सुरू झाला. कुणाला वाटेल, मोठे घोळ मोठ्या चुकांतून होतात. तसं काही नसतं.

ठमी म्हणजे लहान मुलगी नव्हे. पन्नाशीला टेकलेली, चष्म्याचा नंबर वाढत चाललेली बाई. लग्नाचं जमलं नाही, मग जमवायचंही राहून गेलं. ठमी ती फक्त बाबांची. ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. रबराचा वास, चार टेबलं, सोल्डरिंगचा धूर, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक जाडजूड गादी. या हॉलात म्हाताऱ्या माणसांसाठी कमरेचा पट्टा बनत असे. माणूस पडला की पट्टा भोंगा वाजवणार आणि घरच्यांच्या फोनवर निरोप पाठवणार. पट्ट्यात नखाएवढी एक चिप, शेजारी तिच्याहून लहान सेन्सर, आणि चिपच्या पोटात ठमीने लिहिलेला प्रोग्रॅम. पट्ट्याला जी काही अक्कल होती ती ठमीची होती.

हा पट्टा बाबांच्या कमरेला आला तो एका भांडणातून. आदल्या वर्षी ते जिन्यात घसरले, हाडं वाचली, पण परगावी राहणारा दादा हादरला. तडक येऊन म्हणाला, "बस झालं. मी यांना घेऊन जातो. तू दिवसभर ऑफिसात, हे एकटे. उद्या काही झालं तर?"

"मी काय कपाट आहे काय उचलून न्यायला?" बाबा म्हणाले. "हे घर माझं आहे. मी इथनं हलणार नाही."

दादाच्या घरी त्यांचं पटत नसे, त्याला कोण काय करणार. शेवटी ठमीनेच तोडगा काढला. बाबा पट्टा घालतील. पडले की तिच्या फोनवर आणि शेजारच्या काकूंच्या फोनवर तत्काळ कळेल. काकूंकडे किल्ली असेलच. पट्टा नीट चालतो आहे तोवर बाबा या घरात राहतील. नाही चालला, तर दादाकडे. दादाने नाइलाजाने मान डोलावली. बाबांनी पट्टा कमरेला आवळला आणि म्हणाले, "गळ्यात नाही तर कमरेत, पण म्हातारपणी पट्टा बांधलात एकदाचा."

आता या पट्ट्याला कळायचं कसं, हे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सेन्सर सेकंदाला पन्नास वेळा आकडे देतो, आणि त्या आकड्यांत निम्मं खरं, निम्मं बडबड. माणूस चालला की आकडे नाचतात, खोकला की नाचतात. ठमीची सगळी नोकरी म्हणजे ही बडबड गाळायची. गाळण्या तिच्याकडे तीन होत्या.

पहिली बॅटरीसाठी. पट्टा फोनला निरोप पाठवायला लागला की बॅटरीचा दाब क्षणभर खाली जाई आणि पट्टा "बॅटरी संपली" म्हणून ओरडे. तिने शेवटच्या सोळा मोजमापांची सरासरी धरली. नवं मोजमाप आलं की सगळ्यात जुनं बाहेर. अशी सरकती सरासरी थोडी उशिरा हलते, पण बॅटरी कुठे पळून जाते? ते काम झालं.

दुसरी गाळणी माणूस उभा आहे की आडवा हे कळण्यासाठी. सेन्सरमध्ये दोन साक्षीदार असतात. एक धक्के मोजणारा: त्याला खाली कुठली बाजू हे कायम माहीत असतं, पण जरा हललं की तो भांबावतो. दुसरा वळणं मोजणारा: तो क्षणाक्षणाला चोख, पण त्याची चूक साचत जाते, तासभर बसलेल्या माणसाला तो हळूहळू वाकवत नेतो. ठमीने दोघांची जबानी मिसळली. वळणवाल्याचे अठ्ठ्याण्णव हिस्से, धक्केवाल्याचे दोन, आणि तेही दर खेपेला नव्याने. वळणवाला तातडीचं सांगे, धक्केवाला त्याला हळूहळू ताळ्यावर आणे. याला कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणतात. बाबा उभे की आडवे, हे ठमीला दूर टेबलाशी बसून अंशांत कळत असे.

पण नुसतं आडवं कळून उपयोग काय? रात्री सगळं जगच आडवं होतं. म्हणून नियम असा की आधी जोराचा धक्का आणि लगेच मग आडवा, तर माणूस पडला. धक्का नाही आणि आडवा, तर झोपला. फोनवर तेव्हा हिरव्या अक्षरांत "विश्रांती" असं दिसे. ठमीने मुळात "आडवे" असा शब्द घातला होता. साहेब म्हणाले, "ताई, 'आडवे' वाचून लोक धसकतात. काहीतरी बरं लिहा."

धक्क्यालाही गाळणी लागायची. वायर जराशी ढिली झाली की मध्येच एखादा अचाट आकडा येई. सरासरी घ्यावी तर तो एकटा सगळ्या सरासरीला वर ओढी, आणि खरा धक्का मात्र बोथट करून टाकी. म्हणून तिथे मीडियन. शेवटचे तीन आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावायचे आणि मधला उचलायचा. एकटादुकटा खुळा आकडा कितीही मोठा असो, तो रांगेच्या टोकाला जातो, मधोमध येतच नाही. ही युक्ती ठमीची फार लाडकी होती. मीडियनला उंचीचं कौतुक नसतं, तो बहुमत बघतो.

आणि मग बाबा पलंगावर धप्प पडले.

भोंगा वाजला. काकू पदराला हात पुसत धावल्या, किल्लीने दार उघडलं, तर बाबा पलंगावर ताडकन उठून बसलेले आणि छातीत धडधड. आधी धक्का, मग आडवे. पट्ट्याने आपलं काम चोख केलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही झोपता की कुस्ती खेळता?" पुढे गल्लीतली मुलं भोंगा ऐकून "आजोबा झोपले!" असं ओरडायला लागली. बाबांसारख्या माणसाला हे लागलं.

"ठमे," एका संध्याकाळी ते म्हणाले, "माझ्या झोपेची दवंडी पिटतेस तू. हे बंद कर, नाहीतर मी हा पट्टा गटारात टाकतो."

"बाबा, हळू झोपत जा ना."

"सत्तर वर्षं असाच झोपतोय. आता यंत्राला बरं वाटावं म्हणून नव्याने झोपायला शिकू?"

यात बाबांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. आणि एकटे बाबाच नव्हते. जगातले निम्मे म्हातारे बिछान्यावर अंग टाकतात. दुकानांतून पट्टे परत यायला लागले, साहेबांचं डोकं फिरलं. ठमीने सरळ उपाय सुचवला: पट्ट्याला एक बटण द्या. धक्का बसला की पट्टा आधी कमरेवर हलकेच थरथरेल; माणूस ठीक असेल तर बटण दाबेल, नसेल तर भोंगा. साहेबांनी तो उपाय ऐकून घेतला, कौतुकही केलं, आणि म्हणाले, "बटणाला भोक लागतं, ताई. भोकाला नवा साचा. फिल्टर वाढवा ना तुमचा. तो फुकट आहे."

फिल्टर फुकट असतो हे खरंच. ठमीने टेबलावर तक्ता मांडून पाहिला. पलंगावरचा धक्का उंच होता, पण अरुंद. तीन आकड्यांपुरता, फार तर चार. तिने मीडियनची रांग तिनाची नऊ केली. नवांच्या मधला आकडा मोठा यायचा तर नवांतले पाच मोठे हवेत. चारांचं तिथे काही चालत नाही. पलंगाचा धप्प साफ गाळला गेला, मागमूस उरला नाही.

"आणि खरं पडणं?" तिने स्वतःलाच विचारलं. तिला बेजबाबदार म्हणायची सोय नाही, तिने विचारलं होतं.

त्याची परीक्षा घ्यायला ऑफिसात एक माणूसच ठेवलेला होता. धिप्पाड, हसरा पोरगा. पट्टा बांधून दिवसभर पडायचं हेच त्याचं काम, म्हणून सगळे त्याला पडीक म्हणत. त्याने भिंतीची जाड गादी खाली ओढली आणि पडायला लागला. पुढे पडला, मागे पडला, कुशीवर पडला, खुर्चीवरून घसरून पडला. दर खेपेला भोंगा वाजला. नवांच्या फिल्टरमधूनही धक्का रुबाबात बाहेर आला, सहा-सात आकडे रुंद. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पडीक घाम पुसत म्हणाला, "ताई, आता तरी मला नुसतं उभं राहायचं काम द्या." सगळे हसले, ठमीही हसली.

गादीकडे कुणी पाहिलं नाही. ती पडीकची हाडं मोडू नयेत म्हणून आणलेली होती आणि इतकी जुनी झाली होती की ती परीक्षेचा भाग आहे हेच कुणाच्या डोक्यात राहिलं नव्हतं. शहाणी माणसं सगळी, पण काखेत कळसा.

नवा प्रोग्रॅम वाय-फायवरून सगळ्या पट्ट्यांत गेला. बाबा दुपारी धप्प झाले आणि भोंगा वाजला नाही. त्यांनी डोळे किलकिले करून थोडी वाट पाहिली, मग कुशीवर वळून घोरायला लागले. संध्याकाळी ठमीला म्हणाले, "आता शहाणा झाला हो तुझा पट्टा." एवढं कौतुक त्यांनी तिच्या पदवीचंही केलं नव्हतं. पुढचे काही आठवडे त्या घरात जी शांतता होती, तशी आई गेल्यापासून नव्हती. दादाने फोन केला तर बाबाच त्याला सांगत, "मी मजेत आहे. तूच ये इकडे राहायला."

त्या दिवशी सकाळी ठमी ऑफिसला गेली तेव्हा बाबा पेपर वाचत होते. टेबलाशी बसून तिने सवयीने फोन पाहिला: विश्रांती. आज लवकर पाठ टेकली वाटतं, असं तिच्या मनात आलं. चहाच्या वेळी पाहिला: विश्रांती. जेवताना पाहिला: विश्रांती. आदल्या दिवशी ते बँकेच्या रांगेत बराच वेळ उभे होते. थकले असतील, झोपू देत. तिला खरोखर बरं वाटलं, आणि तिने डबा निवांत संपवला. पुढे कितीतरी दिवस तो डबा तिला खायला उठत असे.

संध्याकाळी घराचं दार उघडलं तर नळाचा आवाज येत होता आणि न्हाणीघराच्या दाराखालून पाणी पॅसेजमध्ये आलं होतं.

बाबा आंघोळीचं पाणी काढायला गेले होते, कपडे अंगावरच होते. ओल्या फरशीवर पाय सरकला. ते बादलीच्या आणि भिंतीच्या मध्ये पडले होते, उजवी मांडी विचित्र वळलेली, ओठ निळे, अंग गार. पण जिवंत होते. डोळे उघडे होते आणि तिच्याकडे बघून ते म्हणाले, "आलीस?"

खुबा मोडला होता. पाण्यात दिवसभर पडून राहिल्याने छातीत कफ भरला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं असतं तर इतकं झालं नसतं. डॉक्टरांना काय, ते सहज बोलून जातात. दादा मिळेल त्या गाडीने आला. त्याने दवाखान्याच्या कागदांवर सह्या केल्या. एका शब्दाने बोल लावला असता तर ठमीला भांडता तरी आलं असतं.

काकू दवाखान्याच्या बाकावर बसून रडत होत्या. "मी ऐकलं होतं गं," त्या म्हणाल्या. "सकाळी काहीतरी धाडकन वाजलं. उठलेसुद्धा मी. मग म्हटलं, आधी फोन बघू. फोन म्हणाला विश्रांती. म्हटलं, झोपले असतील नेहमीसारखे. पूर्वीची मी असते तर नुसत्या आवाजाने धावले असते, बाई." ठमीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काकूंना दोष द्यायला तिला तोंड कुठलं?

दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती कपडे न्यायला, आणि कपडे राहिले बाजूला. तिने कुंड्यांसाठी आणलेली वाळू एका पोत्यात भरली, पोत्याला बाबांचा पट्टा बांधला, लॅपटॉप न्हाणीघराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि पोतं कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. पडद्यावर न गाळलेले आकडे तिने आता प्रथमच फरशीवरचे पाहिले.

धक्का केवढा होता! गादीवरच्या पडीकच्या दुपटीहून उंच. आणि रुंदी किती, तर तीन आकडे. गादी माणसाला सावकाश थांबवते, म्हणून तिचा धक्का ठेंगणा आणि रुंद. फरशी एका क्षणात थांबवते. तिचा धक्का उंच, सुईसारखा. नवांतले तीन. मीडियनने त्याची उंची बघितलीच नाही, बहुमत नाही म्हणून फेकून दिला. पलंगाच्या फळ्या आणि न्हाणीघराची फरशी यांत पट्ट्याला काही फरक दिसत नव्हता. एक गाळायला गेलं की दुसरं गाळलं जाणारच होतं. ही गोष्ट कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही समजते, आणि तिला वीस वर्षं हे काम करून समजली नव्हती. कोन मात्र अगदी बरोबर आला होता. बाबा आडवे आहेत हे पट्ट्याला दिवसभर अंशासकट माहीत होतं.

पोत्याची शिवण उसवली आणि वाळू फरशीभर झाली. ती तशीच वाळूत बसली आणि मोठ्याने रडली.

ऑफिसात तिने साहेबांना तक्ते दाखवले. साहेबांनी आधी बाबांची चौकशी केली, मनापासून केली, मग तक्ते बघून बराच वेळ कपाळ चोळलं.

"साहेब, आजच्या आज नवाचे परत तीन करायला हवेत. बाहेर जेवढे पट्टे आहेत तेवढ्या सगळ्यांचे."

"मग भोंगे परत सुरू. पट्टे परत."

"वाजू देत. आणि बटण करा. साचा बदला."

"पुढच्या खेपेला नक्की करू," साहेब म्हणाले. "पण घाईने काही नको, ताई. तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो. हे बघा, पूर्वी वाजला म्हणून पट्टे परत यायचे. वाजला नाही म्हणून आजवर एकाही गिऱ्हाइकाने परत पाठवलेला नाही."

"ज्यांचा वाजला नाही ते परत पाठवायला उठतील कसे, साहेब?"

साहेबांनी टेबलावरचं माहितीपत्रक पुढे ओढलं. ते म्हणाले, यात एक ओळ घालता येईल. पडीक कोपऱ्यात गादीवर बसून ऐकत होता, तो उठून उभा राहिला. ठमी आपल्या टेबलाशी गेली आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत तिने नवाचे तीन करून सगळीकडे पाठवून दिले. त्यांनी अडवलं नाही. परवानगीही दिली नाही. आठवड्याभरात भोंग्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, कितीतरी घरांतून पट्टे खुंटीला गेले, आणि साहेब तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. खुंटीवरचा पट्टा कुणाला वाचवत नाही, हे ती कुणाला सांगणार? पण तिच्या जिवाला त्यावाचून दुसरं काही करता आलं नसतं.

बाबांची शस्त्रक्रिया झाली. चालणं पूर्वीसारखं होणार नाही असं ठरलं, आणि ते दादाकडे जाणार हेही ठरलं. ते ठरवायला कुणी बसलं नाही. दादाने गाडी सांगितली, ठमीने बाबांची बॅग भरली. बाबांनी घराचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर तिला जरा हलकं वाटलं असतं. भांडखोर माणूस गप्प झाला की घरच्यांनी काय समजायचं?

निघायच्या आदल्या दुपारी ती त्यांच्या खाटेशी बसली होती. खिडकीचा पडदा अर्धवट लावलेला, शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरत होता. तिने गेले कित्येक दिवस तोंडात धरून ठेवलेला प्रश्न विचारला.

"बाबा, तुम्ही हाका नाही मारल्या? काकू भिंतीपलीकडेच होत्या."

"मारल्या ना. दोन मारल्या. नळ सुरू होता, त्यात काय ऐकू जाणार." ते दम खात बोलत होते. "मग म्हटलं, घसा कशाला फोडा? पट्टा आहे. आपल्या ठमीने केलाय. त्याने सांगितलं असेल, ती निघाली असेल. ऑफिस लांब आहे, वेळ लागायचाच. म्हणून गप्प पडून राहिलो."

ठमीने स्टूल खाटेजवळ ओढलं. मग तिने सगळं सांगितलं. गादी, फरशी, नवांतले पाच. हातचं काही राखून ठेवलं नाही. "तो वाजलाच नाही, बाबा. तुमच्या झोपेत वाजू नये म्हणून मीच त्याला तसा केला होता."

बाबांनी ऐकून घेतलं. मीटरमध्ये काही गडबड दिसली की ते पूर्वी ओठ मुडपत, तसे मुडपले.

"म्हणजे तो दिवसभर गप्प. मग त्याला वाटलं काय, मी काय करतोय?"

"झोपलात."

"ओल्या फरशीवर?"

"त्याला फरशी दिसत नाही, बाबा."

"हं." मग मान तिच्याकडे वळवून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणि तुला?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. पण ज्या माणसाने तिच्या भरवशावर हाका मारायचं थांबवलं त्याच्याशी आणखी काय खोटं बोलायचं?

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली.

बाबांनी मान सरळ केली आणि डोळे मिटले. ठमी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसली. ते झोपले आहेत की नुसते पडून आहेत, हे तिला काही केल्या ओळखता येईना.